एकच चलन, एकच दिवस. मग कॅण्डल दोन का?

युरो-डॉलरच्या व्यवहारात एकाच मंगळवारी एका ब्रोकरच्या आलेखावर हिरवी कॅण्डल दिसते, तर दुसऱ्याच्या आलेखावर लाल. नवख्या गुंतवणूकदाराला साहजिकच दोघांपैकी एकाचे आकडे खोटे वाटतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोन्ही आलेख बरोबर असतात. फक्त त्या दोघांचा ‘मंगळवार’ एक नसतो.

शेअर बाजाराला उघडण्याची आणि बंद होण्याची घंटा असते. चलन बाजार मात्र सोमवार पहाटेपासून शनिवार पहाटेपर्यंत (भारतीय वेळेनुसार) अखंड चालतो. त्यामुळे दिवस कोठे तोडायचा, हे ब्रोकरचा सर्व्हर ठरवतो. काही सर्व्हर ग्रीनिच वेळेनुसार मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला नवी कॅण्डल सुरू करतात. काही न्यूयॉर्कमधील सायंकाळी पाचची वेळ दिवसाची अखेर मानतात. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे अडीच, तर हिवाळ्यात साडेतीन वाजलेले असतात.

या तीन तासांच्या फरकाने काय होते, ते उन्हाळ्यातील एका काल्पनिक मंगळवारच्या भावांवरून पाहता येईल. मंगळवारी पहाटे अडीचला युरोचा भाव १.०८५० डॉलर होता. साडेपाचपर्यंत तो १.०८७० झाला. बुधवारी पहाटे अडीचला भाव १.०८६० आणि साडेपाचला १.०८५८ होता. न्यूयॉर्कच्या हिशेबाने मंगळवारची कॅण्डल १.०८५० वर उघडून १.०८६० वर बंद झाली, म्हणजे हिरवी. ग्रीनिचच्या हिशेबाने ती १.०८७० वर उघडली आणि १.०८५८ वर मिटली, म्हणजे लाल. व्यवहार तेच, भावही तेच. पहाटेची २० पिपची तेजी (पिप म्हणजे चौथ्या दशांश स्थानावरील एक) एका आलेखात मंगळवारच्या खात्यात जमा झाली आणि दुसऱ्यात सोमवारच्या.

दुसरा घोटाळा रविवारचा. न्यूयॉर्कमध्ये बाजार रविवारी सायंकाळी पाचला उघडतो. ग्रीनिचच्या घड्याळात तेव्हा रविवारच असतो, म्हणून त्या आलेखावर दोन-तीन तासांची एक खुजी कॅण्डल उमटते आणि आठवड्याला पाचऐवजी सहा कॅण्डल होतात. २० दिवसांची सरासरी काढताना संगणक दिवस नव्हे, कॅण्डल मोजतो. पाच कॅण्डलच्या आलेखावर ती सरासरी पूर्ण चार आठवड्यांची असते. सहाच्या आलेखावर तीन आठवडे आणि वर दोन कॅण्डल. दोन सरासऱ्यांच्या छेदावर खरेदी-विक्री करणाऱ्याला त्यामुळे निरनिराळ्या दिवशी इशारा मिळू शकतो.

हे टाळण्यासाठी अनेक ब्रोकर सर्व्हरचे घड्याळ हिवाळ्यात ग्रीनिचच्या दोन, तर उन्हाळ्यात तीन तास पुढे ठेवतात. मग सर्व्हरची मध्यरात्र आणि न्यूयॉर्कचे पाच एकत्र येतात. मात्र अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ बदलते आणि युरोप शेवटच्या रविवारी. सर्व्हर युरोपीय नियमाने चालत असेल, तर मधल्या दोन-तीन आठवड्यांत वर्षभर जुळणारे आलेखही तासाभराने चुकतात.

आपल्याकडील राष्ट्रीय शेअर बाजारात दिवसाचा प्रश्न येत नाही, तासाचा येतो. नियमित सत्र सव्वानऊला सुरू होते. एखादा आलेख पहिला तास सव्वादहापर्यंत धरतो, तर दुसरा घड्याळाप्रमाणे दहालाच तोडतो. तेथे पहिली कॅण्डल ४५ मिनिटांचीच असते.

वेळ जुळवूनही काही फरक उरतो, तो भाव पुरवणाऱ्या स्रोताचा. चलनाला एक मध्यवर्ती बाजार नाही. प्रत्येक ब्रोकर आपापल्या बँकांकडून भाव घेतो. शिवाय प्रत्येक क्षणी भाव दोन असतात : ग्राहकाला विकताना मिळणारा ‘बिड’ आणि खरेदी करताना मोजावा लागणारा ‘आस्क’. मेटाट्रेडर ४ सारख्या प्रणालीत चलनाचा आलेख बिडवर काढला जातो, तर काही संकेतस्थळे दोहोंचा मध्य दाखवतात. न्यूयॉर्कच्या पाचच्या सुमारास उलाढाल रोडावते, दोन भावांतील अंतर वाढते आणि एकाच आलेखावर लांब शेपूट उमटते.

खरे नुकसान येथे होते. समजा, एकाने युरो विकून १.०८८० वर ‘स्टॉप लॉस’ लावला. आलेखावरील उच्चांक १.०८७२ च असताना सौदा तोट्यात बंद झाला. विकलेला युरो परत घ्यायचा तो आस्कने. त्या क्षणी अंतर नऊ पिप असेल, तर आस्क १.०८८१ होता. आलेखावर आस्कची रेषा दाखवण्याची सोय असते, पण ती बहुधा बंदच ठेवलेली असते. (भारतातील रहिवाशांना अनधिकृत परदेशी मंचांवर चलनाचे सौदे करता येत नाहीत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा मंचांची सावधानतेची यादी प्रसिद्ध केली.)

दोष कोठे आहे, हे ओळखायला आधी बाजार चालू असताना ताज्या भावाची सर्व्हरवरील वेळ आपल्या घड्याळाशी ताडून पाहावी. मग दोन्ही आलेखांवर त्याच तासाची कॅण्डल काढावी. तासाच्या कॅण्डल जुळल्या आणि दिवसाच्या जुळल्या नाहीत, तर कारण दिवसाच्या सीमेत आहे. तासाच्याही जुळल्या नाहीत, पण खोड सारखे आणि केवळ टोके वेगळी असतील, तर स्रोत वेगळे आहेत. फरक फक्त मार्चमध्ये किंवा ऑक्टोबरअखेरीस दिसत असेल, तर आधी घड्याळाकडे पाहावे.