आकृतीमालिका (नवोदय निवड चाचणी)

आकृतीमालिका म्हणजे क्रमाने बदलणाऱ्या आकृत्यांतील पुढची आकृती ओळखण्याचा प्रश्न. जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत मानसिक क्षमता विभागात तो असतो.

समजा, टोक वर असलेल्या काठीला उजवीकडे झेंडा आणि एक आडवी रेघ आहे. पुढे टोक उजवीकडे, झेंडा खाली, रेघा दोन. नंतर टोक खाली, झेंडा डावीकडे, रेघा तीन. बुंध्याकडून टोकाकडे पाहिल्यास झेंडा दरवेळी उजव्या हातालाच येतो, म्हणजे आकृती ९० अंशांनी फिरते आहे. तो डाव्या हाताला आला असता, तर ते आरशातील प्रतिबिंब ठरले असते. चौथ्या आकृतीत टोक डावीकडे, झेंडा वर, रेघा चार. झेंडा खाली असलेला पर्याय फसवा. नुसत्या बाणावरून मात्र फिरणे की उलटणे हे ठरत नाही.

सरावासाठी मोबाइलवर काढलेल्या फोटोत पान तिरपे असले, तरी सगळ्या आकृत्या सारख्याच कलतात. सावलीत बारीक रेघ हरवली, तर मोजणी चुकते. छापील आकडे डावे-उजवे उलटे दिसले, तर फोटोच आरशासारखा उलटलेला असतो.