चाकणच्या नावावर फिरणारी चौकोनी शेतं

मंडळी, चाकण भागात भूसंपादनाचा विषय निघाला की ग्रुपवर एक ड्रोन फोटो हमखास येतो. खाली ओळ असते, ‘ही आपली बागायत, आता जाणार.’ प्रश्न खरा आहे. पण फोटो खेड तालुक्यातला नाही, आणि असा फोटो कुणी सुनावणीत पुढे केला तर खऱ्या शेतकऱ्याचीच बाजू पडते.

फोटोतली शेतं बुद्धिबळाच्या पटासारखी आहेत. आपल्याकडे असं का नसतं, याचं उत्तर 1836 मध्ये आहे. त्या वर्षी इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या मोजणीला हात घातला. त्यांनी रान नव्याने कापलं नाही. कसणाऱ्याचे बांध, ओढे, वाटा धरूनच सर्व्हे नंबर पाडले, आणि नंबर साधारण एका बैलजोडीला झेपेल एवढा ठेवला. पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या, नंबराच्या लांबट पट्ट्या झाल्या. वरून पाहिलं तर आपली शिवार गोधडीसारखी दिसते, ती यामुळे.

राजस्थानातल्या गंगानगरची गोष्ट उलटी. 1927 मध्ये गंग कालवा आला तेव्हा तिथे बहुतेक रेताड माळच होता. आधी कागदावर चौकोन आखले, मग माणसं वसवली. एक मुरब्बा म्हणजे 825 फूट बाय 825 फूट, आत 25 बिघे. रस्ता आणि पाटचारी चौकोनाच्या कडेनेच जाते. गावाचं नावसुद्धा ‘3 ई छोटी’ असं! शंका आली तर उपग्रह नकाशावर मोजपट्टी लावा. 825 फुटांची चौकट ओळीने सापडत गेली, की समजा आपण तिकडच्या कालव्यावर आहोत.

कालवा तर आणखी बोलका. आपल्याकडे तो उताराला आडवा, एकाच उंचीची रेघ धरून डोंगराच्या कडेने वळत जातो. 1885 चा नीरा डावा कालवा पाहा. पाणी वर चढत नाही, त्यामुळे खालची बाजू हिरवी आणि वरची बरीचशी करडी. (वर हिरवं दिसलंच तर विहीर किंवा उपसा.) सपाट गंगानगरात दोन्ही बाजू हिरव्या.

एक सावधगिरी मात्र हवी. श्रीरामपूरकडे शेती महामंडळाचे जुने ऊसमळे आहेत, तेही सरळ आखलेले. तेव्हा चौकोन दिसला की लगेच ‘परराज्य’ म्हणू नका. मळ्याबाहेरचं रान बघा, तिथे गोधडी पुन्हा सुरू होते. आणि ड्रोन खालून, तिरका उडवला असेल तर चार शेतांवरून काहीच ठरवू नये. निदान किलोमीटरभर रान दिसायला हवं.

शेती गेली तरी ही खूण लवकर पुसत नाही. निगडी प्राधिकरणाचे सेक्टर 1972 नंतर आखून बसवले, म्हणून रस्ते काटकोनात. थेरगाव-रहाटणीकडे गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनीवर घरं उभी राहिली. तिथल्या अरुंद, लांब, मधेच बंद होणाऱ्या गल्ल्या वरून पाहा. बऱ्याच ठिकाणी तो जुन्या वाटणीचा बांधच आहे.