मथळ्याचे अक्षर

अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात २१ फेब्रुवारी १८७८ रोजी टेलिफोनधारकांची एक पानी यादी छापली गेली. नावे पन्नास, आणि एकापुढेही क्रमांक नाही. जोडणी ऑपरेटरच देणार असल्याने नाव सांगितले की काम भागत होते. यादीला मथळे होते, पण अक्षरांचे नव्हेत. घरे, डॉक्टर, दंतवैद्य, दुकाने-कारखाने अशी ती विभागणी होती. पन्नास नावांत माणूस धंद्यावरून सापडतो, त्यामुळे तिथे ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशी शीर्षके टाकण्याची गरज कुणाला भासली नसावी.

याच शहरातल्या येल कॉलेजने मात्र शंभरेक वर्षे आधी अक्षरांचा आधार घेतला होता, आणि तोही वेगळ्याच कारणासाठी. तिथे विद्यार्थ्यांची यादी घराण्याच्या प्रतिष्ठेनुसार लागे. मान्यवरांचा मुलगा वर, शेतकऱ्याचा खाली. १७६०च्या दशकात येलने आणि १७७०च्या दशकात हार्वर्डने ही रीत सोडून नावे वर्णक्रमाने लावली. वर कुणाला बसवायचे हा वाद आता आडनावाच्या पहिल्या अक्षरावर सोपवता आला.

खरे तर हे तंत्र त्याहून कितीतरी जुने आहे. अकराव्या शतकाच्या मध्यावर इटलीतल्या पापियस नावाच्या कोशकाराने लॅटिन शब्दांचा मोठा कोश रचला. तोवरच्या अनेक याद्या फक्त पहिले अक्षर पाहत. ‘ए’च्या गटात शब्द कसेही पडलेले असत. पापियसने दुसरे आणि तिसरे अक्षरही क्रमात घेतले आणि ते वाचकाला दिसावे म्हणून आकारांची युक्ती केली. पहिले अक्षर बदलले की मोठे अक्षर, दुसरे बदलले की मध्यम, तिसरे बदलले की लहान. आजच्या मथळ्यांचा हा पूर्वजच म्हणायला हवा. त्यातली अडचणही त्याने नोंदवली: एकच शब्द लोक वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात, मग तो शोधायचा कुठे?

सभासदांच्या यादीला मथळे देण्याची कृती अजून तीच आहे. नावे क्रमाने लावायची, वरून खाली वाचत जायचे आणि पहिले अक्षर मागच्या नावापेक्षा वेगळे दिसले की नवा मथळा टाकायचा. मुद्रणालयात हे नजर करी, आता संगणकाचा प्रोग्राम करतो.

मराठीत ‘पहिले अक्षर’ म्हणजे नेमके काय, इथे गाडी अडते. काळे आणि कुलकर्णी दोघेही ‘क’खाली जातात, काना-उकाराचा भेद मथळ्यात धरत नाहीत. पण अभ्यंकर ‘अ’खाली, तर आपटे ‘आ’खाली. स्वरांना स्वतंत्र घर आणि व्यंजनांना मात्रांसकट एकच, अशी ही रूढी आहे. ती पाळली नाही तर आपट्यांना शोधणारा ‘अ’ची सगळी नावे चाळत बसेल.

खरी गंमत क्षीरसागरांची. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयातल्या वर्णमालेत क्ष आणि ज्ञ ही अक्षरे ळ नंतर, अगदी शेवटी येतात. संगणकाला मात्र क्ष हे वेगळे अक्षर दिसत नाही. त्याच्या लेखी ते क, हलन्त चिन्ह आणि ष अशा तीन खुणांचे आहे. आता समजा, यादी लावणाऱ्याने मराठी क्रम पाळला आणि नावे कर्वे, काळे, जोशी, हर्डीकर, क्षीरसागर अशी लावली. पण मथळा काढताना प्रोग्रामला नावाची पहिली खूण घ्यायला सांगितले. मग कर्व्यांच्या वर क, जोश्यांच्या वर ज, हर्डीकरांच्या वर ह आणि शेवटी क्षीरसागरांच्या वर पुन्हा एकदा क.

दुसऱ्यांदा उगवलेला हा ‘क’ म्हणजे दोषाची हमखास खूण. एकच मथळा दोनदा दिसला, तर एक तर यादी लावायची राहिली आहे, नाहीतर क्रम एका नियमाने आणि मथळा दुसऱ्या नियमाने काढला आहे. दोन्ही वेळा इलाज एकच: आधी प्रत्येक नावाचा मथळा ठरवायचा, मग त्याच मथळ्यांच्या क्रमाने नावे लावायची. क्षीरसागरांना ‘क्ष’ दिला की ते ‘क’कडे परत जात नाहीत. श्रोत्री मात्र ‘श’खालीच शोधले जातात, कारण श्रला शासनाच्या वर्णमालेतही वेगळी जागा नाही.

नव्या अक्षरांचे आणखी एक त्रांगडे आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये उशिरा, २००८ साली आले आणि त्याला जागा मिळाली देवनागरी अंकांच्याही पुढे. त्यामुळे केवळ संकेतांकांवर क्रम लावला, तर ॲलिस किंवा ॲन्थनी ‘ह’च्याही मागे, यादीच्या तळाशी जाऊन बसतात. वसई किंवा गोव्यातल्या संस्थेच्या यादीत अशी नावे सहज असतात. त्यांना ‘अ’ आणि ‘आ’च्या मध्ये आणायचे असेल, तर यादी लावणाऱ्याने तो नियम स्वतः लिहून द्यावा लागतो.