अपोस्टिल म्हणजे काय? कराडचा जन्मदाखला परदेशात कसा चालतो?

परदेशातल्या कचेरीने ‘जन्मदाखला अपोस्टिल करून आणा’ म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो तो एजंट किती घेईल हा. त्याआधी अपोस्टिल नेमकं कशाची खात्री देतं ते बघू, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो.

अपोस्टिल हा 5 ऑक्टोबर 1961 च्या हेग करारातून आलेला प्रकार आहे. भारतात तो 14 जुलै 2005 पासून लागू झाला. कागदावर सही करणारा अधिकारी खरा आहे, त्याचं पद खरं आहे आणि शिक्का खरा आहे, एवढंच अपोस्टिल सांगतं. दाखल्यात आईचं नाव चुकलेलं असेल, तर त्या चुकीसकट अपोस्टिल होतं! मजकूर तपासणं हे त्याचं कामच नाही.

एक उदाहरण घेऊ. कराडची एक मुलगी लग्नानंतर नवऱ्याकडे नेदरलँड्सला निघाली आहे. तिकडे नाव नोंदवायला जन्मदाखला लागतो. घरात 1994 चा, हाताने लिहिलेला मराठी दाखला आहे, तोही लॅमिनेट केलेला. त्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी, लिंग ‘स्त्री’, आईचं नाव ‘शांताबाई’. पासपोर्टवर मात्र आई ‘शांता’.

घरचे आधी कराड नगरपरिषदेत जातात आणि हात हलवत परत येतात. कारण पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, पाटण तालुक्यातल्या गावात. जन्माची नोंद राहत्या गावी नसते, जन्म जिथे झाला तिथे असते. म्हणून दाखला त्या गावच्या ग्रामपंचायतीतूनच काढावा लागतो.

तिथे आधी नोंदवहीत दुरुस्ती करायची. बाळाचं नाव घालायला नियमात 15 वर्षांची मुदत आहे, पण जुन्या नोंदींसाठी शासनाने ती वेळोवेळी वाढवली आहे. अर्ज करताना सध्याची मुदत विचारून घ्या. आईचं नाव ही वेगळी दुरुस्ती. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा 1969 च्या कलम 15 खाली पुरावे दिल्यावर निबंधक ती करतो. जुन्या दाखल्यावर पेनने खाडाखोड कोणी करून दिली तरी घेऊ नका.

दुरुस्तीनंतर नवीन दाखला मागा. आता मिळणारा दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असतो. मग भाषांतराची गरजच अनेकदा संपते, कारण नेदरलँड्समध्ये डच, इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन कागद चालतात. पण इंग्रजी स्पेलिंग टाइप करणारा ठरवतो, म्हणून छापण्याआधी पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. गावाच्या नावाचंही तेच. आपण कराड म्हणतो, जुन्या कागदांत कऱ्हाड असतं, आणि परदेशातल्या कारकुनाला ती दोन गावं वाटू शकतात.

आता सह्यांची साखळी. जन्म किंवा विवाहाचा दाखला आधी राज्याच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाकडून प्रमाणित होतो. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय अपोस्टिल देतं. मंत्रालय कागद थेट नागरिकांकडून घेत नाही, नेमलेल्या सेवा कंपन्यांमार्फत घेतं. मंत्रालयाची स्वतःची फी कागदामागे 50 रुपये आहे, बाकी सेवाशुल्क. एजंटने सांगितलेला आकडा या फीशी ताडून पाहा. आणि हो, लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का बसत नाही, म्हणून तो जुना दाखला इथे उपयोगाचा नाही.

भाषांतर लागलंच, तर ते अपोस्टिलनंतर केलेलं सोयीचं, कारण काही देशांना अपोस्टिलचाही अनुवाद हवा असतो. भाषांतरकार ‘शांताबाई’चं ‘शांता’ करू शकत नाही. कागदावर आहे ते जसंच्या तसं उतरवायचं आणि मजकूर पूर्ण व अचूक आहे असं सहीनिशी लिहून द्यायचं, एवढंच त्याचं काम. समजूतदारपणे नाव ‘सुधारून’ दिलेलं भाषांतर मूळ कागदाशी जुळत नाही आणि संशय वाढतो. पणजोबांचा मोडीतला उतारा असेल, तर आधी मोडी वाचणाऱ्याकडून देवनागरी करून घ्यावी लागते.

देश बदलला की नियम बदलतो. अमेरिकेच्या इमिग्रेशन अर्जाला अपोस्टिल लागत नाही, भाषांतरकाराच्या प्रमाणपत्रासह इंग्रजी भाषांतर पुरतं. कॅनडात हा करार 11 जानेवारी 2024 पासून लागू आहे. दुबईला जाणाऱ्यांसाठी अपोस्टिल नाही, कारण संयुक्त अरब अमिरात या करारात नाही. तिथे दूतावासाचं प्रमाणीकरण लागतं. जर्मनीने भारताच्या सहभागावर हरकत नोंदवली होती, म्हणून जर्मन कचेऱ्या आपल्या अपोस्टिलवर थांबत नाहीत, स्वतःची कागदपडताळणी करून घेतात. तिकडे जायचं असेल तर अपोस्टिलवर पैसे घालण्याआधी जर्मन कचेरीने लेखी काय मागितलंय ते वाचा.