आद्याक्षरे, उपाधी आणि त्यांमागचे टिंब

शब्दाचे पहिले अक्षर ठेवून बाकीचा शब्द गाळला, की गाळल्याची खूण म्हणून मराठीत त्या अक्षरापुढे टिंब देतात. वि. का. राजवाडे, सौ., कै., प्रा., इ. स. ही त्याची नित्याची उदाहरणे. इथे ‘अक्षर’ म्हणजे नुसते व्यंजन नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर आणि अनुस्वार यांसह उच्चारला जाणारा पहिला घटक पूर्णच घेतला जातो. त्यामुळे चिंतामणचे आद्याक्षर ‘चिं.’ होते, त्र्यंबकचे ‘त्र्यं.’ आणि व्यंकटेशचे ‘व्यं.’.

पुण्याच्या सदाशिव पेठेतील एकाच महाविद्यालयाच्या नावात दोन पद्धती शेजारीशेजारी सापडतात. सर परशुरामभाऊ महाविद्यालय (स्थापना 1916) मराठी मजकुरात ‘स. प. महाविद्यालय’ असे लिहितात, आणि बोलताना बहुतेक जण ‘एस. पी. कॉलेज’ म्हणतात. पहिले रूप मराठी अक्षरांचे आहे, दुसऱ्यात इंग्रजी अक्षरांची नावे देवनागरीत उतरली आहेत. दोन्ही रूढ आहेत, पण एका लेखात एकच असावे. व्यक्तींच्या बाबतीत ही निवड संपादकाच्या हाती राहत नाही. गुरुनाथ आबाजी कुलकर्णी हे जी. ए. कुलकर्णी म्हणूनच लिहीत. नियमाच्या हट्टापायी त्यांना ‘गु. आ. कुलकर्णी’ केले, तर वाचकाला ते ओळखताही येणार नाहीत. जुन्या मुखपृष्ठांवर ‘एम्. ए.’ असा पाय मोडलेला म्हणजे हलन्त आढळतो. आज तो गाळतात. जुने पुस्तक पुन्हा छापताना मात्र एका प्रकरणात ‘एम्.’ आणि दुसऱ्यात ‘एम.’ राहून जाणे ही हमखास घडणारी चूक आहे.

अनुस्वार आणि टिंब. ‘चिं.’ मध्ये एक बिंदू डोक्यावर आणि एक ओळीवर असतो. घाईत वरचा सुटतो आणि ‘चि.’ उरते. ही नुसती शुद्धलेखनाची बाब नाही, कारण ‘चि.’ हा चिरंजीव या शब्दाचा रूढ संक्षेप आहे. ‘चि. वि. जोशी’ असे छापले, की चिमणरावाचे जनक चिंतामण विनायक जोशी कुणाचे तरी चिरंजीव होऊन बसतात. न. चिं. केळकर किंवा कोशकार चिं. ग. कर्वे यांच्या नावांनाही हाच धोका आहे. मुद्रिते तपासताना ‘चि.’ दिसेल तिथे थांबून ते नाव आहे की उपाधी, एवढे पाहिले तरी पुष्कळ चुका पकडल्या जातात.

श्री की श्री. या विषयातला खरा वादाचा मुद्दा हा आहे. एक पक्ष म्हणतो, की ‘श्री’ हा पूर्ण शब्द आहे, त्यातले काही गाळलेले नाही, मग टिंब कशाचे? ‘श्रीमती’पुढे सहसा कुणी टिंब देत नाही, हा त्यांचा दाखला. दुसऱ्या पक्षाच्या मते आदरार्थी ‘श्री.’ हे श्रीयुत किंवा श्रीमान यांचे संक्षिप्त रूप आहे, म्हणून टिंब योग्य. दोन्ही बाजूंना आधार आहे. तरीही टिंबाशिवाय लिहिणे अधिक सोयीचे, आणि त्याचे कारण मराठी साहित्यिकांच्या नावांतच आहे. श्रीपाद महादेव माटे म्हणजे श्री. म. माटे. श्रीधर व्यंकटेश केतकर म्हणजे श्री. व्यं. केतकर. श्रीपाद नारायण पेंडसे म्हणजे श्री. ना. पेंडसे. इथे ‘श्री.’ हे नावाचे आद्याक्षर आहे आणि त्यापुढचे टिंब अटळ आहे. आदराचे ‘श्री’ टिंबाविना ठेवले, तर ‘श्री माटे’ आणि ‘श्री. म. माटे’ यांतला फरक डोळ्यांना लगेच कळतो. दोन्हींना टिंब दिले, तर ‘श्री. श्री. म. माटे’ अशी जोडी तयार होते आणि अक्षर जुळवणारा त्यातले एक ‘श्री.’ चुकून दोनदा पडले असे समजून काढून टाकतो.

मोकळी जागा. तीन पद्धती चालतात: ‘वि. का. राजवाडे’, ‘वि.का. राजवाडे’ आणि ‘वि.का.राजवाडे’. वर्तमानपत्राच्या अरुंद स्तंभात तिसरी जागा वाचवते, पण लांब नावाला ओळीत तुटायला ठिकाण उरत नाही. ते अख्खे पुढच्या ओळीत जाते आणि मागची ओळ विरळ पडते. पहिली वाचायला सर्वांत सुखाची. तिचा दोष असा, की ‘वि.’ ओळीच्या टोकाला लटकते आणि ‘का. राजवाडे’ खाली जाते. संगणकावर यावर उपाय आहे. दोन आद्याक्षरांमध्ये साध्या जागेऐवजी न तुटणारी जागा द्यायची. वर्डमध्ये ती `Ctrl+Shift+Space` ने मिळते आणि शोधताना `^s` ने सापडते.

मिसळ कशी होते, हे एका ओळीत पाहता येईल. समजा, एखाद्या स्मरणिकेच्या हस्तलिखितात असे आले: ‘श्री.म. माटे, डॉ.श्री.व्यं.केतकर, न. चिं.केळकर आणि चि. ग. कर्वे’. चार नावे आणि जागा सोडण्याचे चार प्रकार. शिवाय शेवटच्या नावातला अनुस्वार गेलेला. सुधारून ते ‘श्री. म. माटे, डॉ. श्री. व्यं. केतकर, न. चिं. केळकर आणि चिं. ग. कर्वे’ असे होते. टिंबानंतर सरसकट जागा घालण्याचा मोह इथे टाळावा, कारण 15.8.1947 सारख्या तारखा आणि दशांश त्यात फुटतात. त्यापेक्षा नावागणिक जावे. आद्याक्षरे न टाकता फक्त आडनाव शोधावे, म्हणजे सगळी रूपे एकामागोमाग समोर येतात. आडनावाचेही सामान्यरूप होते, हे मात्र विसरू नये: ‘राजवाडे’ शोधल्याने ‘वि.का.राजवाड्यांनी’ सापडणार नाही, म्हणून ‘राजवाड’ एवढेच शोधावे. नामसूचीत हा घोटाळा सर्वांत महाग पडतो. तिथे ‘वि.का.’ आणि ‘वि. का.’ या दोन वेगळ्या नोंदी होतात आणि एकाच माणसाचे पृष्ठांक दोन ठिकाणी विभागले जातात.

मोडीतील खूण. टिंब ही छपाईच्या काळातली सवय आहे. राजवाडे यांच्या पुढाकाराने 1910 मध्ये स्थापन झालेल्या आणि सदाशिव पेठेत असलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी जे जुने कागद जपले आहेत, त्यांत संक्षेपासाठी अक्षरापुढे दोन उभ्या रेघा येतात: परगणा म्हणजे ‘प॥’, तर्फ म्हणजे ‘त॥’. असा कागद छापताना एका पानावर दोन व्यवस्था नांदतात. मूळ मजकुरात ‘प॥’ तसाच राहतो, आणि संपादकाच्या तळटीपेत ‘भा. इ. सं. मंडळ’ हे टिंबांनी लिहिले जाते. रेघांच्या जागी टिंबे घालून दोन्ही सारखे करणे म्हणजे कागदाचा पुरावा बिघडवणे. एकवाक्यता हवी ती संपादकाच्या स्वतःच्या मजकुरात.

टिंब गळते तेव्हा. मराठीत विभक्तीचा प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि टिंब त्याच्या आड येते. ‘म. सा. प.ने’ हे लिहायला व वाचायला अवघड, म्हणून महाराष्ट्र साहित्य परिषदेचे ‘मसाप’ झाले आणि ‘मसापने’, ‘मसापचा’ सहज चालू लागले. ग. दि. माडगूळकर ‘गदिमा’ झाले. पु. ल. देशपांडे यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली: आदरार्थी अनेकवचनाचा अनुस्वार शेवटच्या अक्षरावर चढला आणि ‘पुलं’, ‘पुलंनी’, ‘पुलंचा’ ही रूपे रुळली. हे आता स्वतंत्र शब्द आहेत. त्यांत टिंबही नाही आणि जागाही नाही. पूर्ण आडनावासह मात्र ‘पु. ल. देशपांडे’ असेच लिहितात. ‘पुल देशपांडे’ किंवा ‘पु. लं. नी’ ही दोन व्यवस्था मिसळून झालेली चुकीची रूपे आहेत.