रामराम, आशीर्वाद आणि जय भीम

घरातल्या माणसांनी एकमेकांना काय म्हणायचं, हा प्रश्न आपल्याला इतिहासाचा वाटत नाही. पण शहापूर-मुरबाडच्या एखाद्या गावातल्या चार घरांत जाऊन पाहिलं, तर एका घरात रामराम ऐकू येतो, दुसऱ्यात ‘माऊली’, तिसऱ्यात जय भीम आणि डोंगराकडच्या पाड्यावर जोहार. हे शब्द एकाच कामाचे असले तरी सारखे नाहीत. काही शब्द दोन्ही बाजूंनी तेच राहतात, तर काहींत एकाने वाकायचं आणि दुसऱ्याने हात वर करायचा असतो. कुटुंबातल्या अभिवादनाचा इतिहास या फरकाचा इतिहास आहे.

आधी वाकण्याची रीत पाहू. मराठेशाहीतल्या पत्रांचा मायना पाहिला की लिहिणारा कोण आणि वाचणारा कोण हे पहिल्या ओळीतच कळतं. ब्राह्मणाने ब्राह्मणाला ‘नमस्कार’ लिहायचा, मराठा सरदाराने बरोबरीच्या सरदाराला ‘रामराम’. मराठा सरदार ब्राह्मणाला ‘दंडवत’ लिही आणि त्याला उत्तरात ‘आशीर्वाद’ मिळे. महारांकडून ‘जोहार’ अपेक्षित असे. आपल्याला कोणता शब्द चालतो हे आपण ठरवायचं नव्हतं. १७७९ मध्ये मुंबईच्या सोनारांनी ‘नमस्कार’ म्हणू नये, असा हुकूम ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने काढला, तोही पुण्याच्या पेशवे सरकारच्या मागणीवरून. एका शब्दासाठी दोन सरकारांमध्ये पत्रव्यवहार झाला, यावरून त्या शब्दाचं वजन लक्षात येतं.

हीच उतरंड घरात आली ती पत्रातून. शाळेत पत्रलेखन शिकवताना मायने पाठ करून घेत. वडील, आई, काका, थोरला भाऊ यांना ‘तीर्थरूप’, नात्याने नव्हे, पण मानाने वडीलधाऱ्या असलेल्यांना ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’. वर जाणारं पत्र ‘शि. सा. न.’ने, म्हणजे शिरसाष्टांग नमस्काराने सुरू होई, खाली येणारं ‘अ. उ. आ.’ने, म्हणजे अनेक उत्तम आशीर्वादाने. दोन्हींच्या पुढे ‘वि. वि.’, म्हणजे विनंती विशेष. मग मजकूर.

समजा, मुरबाडकडच्या एका गावचा मुलगा मुंबईत नोकरीला आहे आणि घरी कार्ड टाकतो आहे. बापाला ‘ती. बाबांस’ आणि साष्टांग नमस्कार. मजकुरात पैसे पाठवल्याचं, पाऊस कसा आहे याचं, बैलाचं. शेवटी ‘घरातील वडीलमाणसांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद’. बायकोला वेगळं पत्र लिहिलं, तर जुन्या रीतीने तिला ‘सौ.’ आणि ‘आशीर्वाद’च, म्हणजे ती धाकट्यांच्या रांगेत. विधवा आजीच्या नावामागे ‘गं. भा.’, म्हणजे गंगाभागीरथी. नवरा असताना ‘सौ.’, गेल्यावर ‘गं. भा.’, पुरुषाच्या नावामागे मात्र बायको असो वा नसो, काही बदलत नसे. आदराच्या नावाखाली बाईचं वैधव्य दर पत्रात नव्याने लिहिलं जाई.

घरात वाचता येणारं कोणी नसेल तर हे कार्ड पोस्टमन किंवा मास्तर ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवी. म्हणून शेवटची ओळ महत्त्वाची. मजकूर सगळ्यांनाच कळे, पण आपलं नाव आलं का, याकडे प्रत्येकाचे कान. थोरल्या चुलत्याचं नाव राहिलं किंवा धाकट्याच्या नंतर आलं, तर रुसवा व्हायचाच. पत्रातला क्रम हा घरातला क्रम होता.

प्रत्यक्ष भेटीतही क्रम असतो, पण शब्द कमी. आसनगाव किंवा खर्डी स्टेशनला उतरून पाहुणा गावात येतो, दारात वहाणा काढतो, पाय धुतो. पाण्याचा तांब्या पुढे येतो. ते पाणी म्हणजेच घराचा पहिला नमस्कार. मग सगळ्यांत म्हाताऱ्या माणसापासून पाया पडायला सुरुवात. उत्तर माणसागणिक बदलतं: मुलाला ‘मोठा हो’, ‘शंभर वर्षं जग’, लग्न झालेल्या सुनेला सौभाग्याचा आशीर्वाद. म्हातारं माणूस अंथरुणावर पडलेलं असेल तर तसंच पाया पडत नाहीत. त्याला उठून बसू देतात, कारण आडव्या माणसाच्या पाया पडणं म्हणजे मेलेल्याच्या पडणं. घरात सुतक असेल तर नमस्कारही नाही आणि आशीर्वादही नाही. एरवी निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणायचं. पण मयताच्या घरून निघताना ‘येतो’ही म्हणायचं नाही, गुपचूप उठायचं. नवखा माणूस चुकतो तो इथेच.

बरोबरीच्यांत पाया पडणं नाही. दोन पुरुष भेटले की ‘रामराम’, उत्तरही ‘रामराम’. दोन बायका भेटल्या की ‘काय गं बाय, बरी हायस ना?’ आणि लगेच ‘जेवलीस का?’ हा प्रश्न उत्तरासाठी नसतोच. सर्वनामावरून मात्र आदर मोजू नये. शहरी मध्यमवर्गीय घरात आईला ‘तू’ आणि बापाला ‘तुम्ही’ अशी वाटणी असते. आगरी बोलीच्या घरांत बापालाही ‘तू’ सहज चालतं. आदर असतो तो नात्याच्या हाकेत आणि नाव न घेण्यात.

लहान मुलाला या सगळ्याचा पहिला धडा बोलता येण्याआधीच मिळतो. ‘बाप्पाला जय कर’ म्हणत त्याचे दोन हात जोडून देतात, मग तेच हात आजोबांकडे वळवतात. पण घरातली माणसं त्याला उत्तर देतात ते आशीर्वादाने नाही, मुका घेऊन. पाया पडायला लावतात ते जरा मोठं झाल्यावर.

आता दुसरी रीत, दोन्ही बाजूंनी सारखी असलेली. वारकरी घरांत भेटणारे एकमेकांना ‘माऊली’ म्हणतात आणि एकमेकांच्या पायाला हात लावतात. म्हातारा वारकरीही पोराच्या पायाशी वाकतो. गावच्या उतरंडीला ही जुनी सुट्टी होती. मात्र बऱ्याचदा ती टाळ खाली ठेवेपर्यंतच टिके.

कायमची मोडतोड झाली ती बौद्ध घरांत. ‘जय भीम’ रुजवण्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना दिलं जातं. ते १९३९ मध्ये वारले. १९५६ च्या धर्मांतरानंतर हा शब्द घराघरांत पक्का झाला. यामुळे गावात ‘जोहार’ घालणं सुटलं, हे आपण नेहमी बोलतो. घराच्या आत काय झालं, याकडे कमी लक्ष जातं. नातू आजीला ‘जय भीम’ म्हणतो आणि आजीही नातवाला ‘जय भीम’च म्हणते. सून सासऱ्याला म्हणते, सासरा सुनेला. वर जाणारा शब्द आणि खाली येणारा शब्द एकच झाला. पाया पडणं त्या घरांतूनही गेलं असं नाही, पण त्याच्या जोडीला बरोबरीचा शब्द आला.

आणि ‘जोहार’? गावकीत जो शब्द महारांवर लादलेला होता, तोच ठाकूर, कातकरी, वारल्यांच्या पाड्यांवर आज आदिवासी म्हणून ताठ मानेने एकमेकांना घातला जातो. शब्द तोच, पण उत्तरही आता ‘जोहार’च येतं. अभिवादन खालचं की बरोबरीचं, हे शब्दावर ठरत नाही. परत काय येतं, त्यावर ठरतं.