दोन सेकंदांचं दर्शन

पंढरपूरच्या दर्शनबारीत मी पाच तास उभा होतो. विठोबाच्या पायांवर डोकं टेकतोय तोच 'चला माऊली' म्हणत कुणीतरी पुढे सरकवलं. घरी येऊन चिडचिड केली, तर आजी म्हणाली, "तू नीट बघितलं नाहीस, पण त्याने तुला बघितलं ना?"

दर्शन म्हणजे ही देवाणघेवाण. आपण देवाला बघतो, देव आपल्याला. म्हणून तर प्राणप्रतिष्ठेत मूर्तीचे डोळे उघडण्याचा वेगळा विधी असतो, नेत्रोन्मीलन.

मग ज्याला आत येऊच दिलं नाही, त्याचं काय? संत चोखामेळा महार म्हणून देवळाबाहेर राहिले. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून ते गेले. त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे. पुढे सहा शतकं दलित वारकरी इथूनच कळसाला हात जोडून परतत.

मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, आणि दार उघडलं. तेव्हा काही सनातन्यांनी 'विठोबा बाटला' म्हणत आत जाणंच सोडलं. ज्यांना कुणी अडवलं नव्हतं, ते स्वतःहून त्या नजरेसमोरून दूर झाले.

आता मी आधी चोखोबांच्या समाधीपाशी थांबतो. नामदेव पायरीवर पाय न ठेवता आत जातो. गाभाऱ्यात डोळे मिटत नाही. आधी विठोबाच्या चेहऱ्याकडे बघतो, मग पायांवर डोकं ठेवतो. दोन सेकंद पुरतात.